पाठवण्याआधी पंपाचे पट्टे मोजा

“प्रॉडक्टचा साधा फोटो टाका आणि एआयला बॅकग्राउंड बदलायला सांगा. प्रॉडक्ट तेच राहतं, फक्त मागचं बदलतं. सावल्या आता एकदम खऱ्या येतात, तपासत बसू नका. शंका आली तर एआय ओळखणाऱ्या साइटवर टाका, पास झालं की क्लायंटला पाठवा. लोक मोबाईलवर बघतात, कोणाला काही कळत नाही.”

जळगाव-धुळ्याकडच्या डिझाइन करणाऱ्यांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय आणि नवीन मुलं तो जसाच्या तसा पाळतायत. मी अमळनेरला दुकानांचे फ्लेक्स आणि कॅटलॉग करतो. यातलं एकेक वाक्य मी माझ्याच एका कामावर लावून पाहिलं. काम होतं एका कृषी सेवा केंद्राचं: पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप आणि मागे कपाशीचं शेत. पंपाचा फोटो मी दुकानात काढला होता, उजेड डावीकडच्या दारातून येत होता. पंपाशेजारी त्याचं खोकं ठेवलं होतं. मागचं शेत तेवढं एआयला तयार करायला सांगितलं. चित्र पहिल्या नजरेत इतकं छान आलं की मीही क्षणभर खूश झालो.

आता वस्तूबद्दलचं वाक्य घेऊ. तुम्ही फक्त मागचं बदलायला सांगता, पण बरीच टूल्स अख्खं चित्र नव्याने रंगवतात, म्हणजे वस्तूसुद्धा. पंप म्हणजे साधारण कसा दिसतो, हे त्या टूलला हजारो चित्रांवरून ठाऊक असतं. या मॉडेलला किती पट्टे आहेत, हे त्याला ठाऊक नसतं. माझ्या चित्रात टाकीच्या मागून दोनाऐवजी तीन पट्टे निघाले. तिसरा अर्ध्यावर टाकीच्या प्लास्टिकमध्ये विरघळला होता. नळी टाकीच्या तळातून निघून खोक्यामागे गेली आणि पलीकडून बाहेर आली ती थोडी जाड होऊन. शिवाय टाकीच्या बाजूला हाताने मारायचा दांडाही उगवला. इथे सांभाळून बोलायला हवं, कारण बाजारात बॅटरी आणि हात दोन्हींवर चालणारे टू-इन-वन पंप मिळतात. म्हणजे दांडा दिसला की चूक, असा सरसकट नियम लावता येत नाही. हा पंप नुसता बॅटरीचा होता, म्हणून इथे तो दांडा खोटा ठरला.

त्यामुळे काम सुरू करण्याआधी मी खरी वस्तू समोर ठेवून कागदावर यादी करतो: पट्टे २, बकल २, झाकण १, स्विच १, चार्जिंगची पिन १, नळी १, गन १, नोझल १. चित्र तयार झालं की यादीतली एकेक गोष्ट चित्रात शोधून खूण करतो. यादीत नसलेलं काही चित्रात दिसलं तर ते जास्तीचं. लांबट भागांसाठी मोजणी पुरत नाही, तिथे बोट फिरवायचं. टाकीपाशी नळीवर बोट ठेवा आणि नोझलपर्यंत न उचलता न्या. वाटेत जाडी बदलली, नळी कशात शिरून बाहेरच आली नाही किंवा एकीच्या दोन झाल्या, तर तिथे चूक आहे. पट्ट्यांचंही तसंच, दोन्ही टोकं कुठेतरी अडकलेली दिसलीच पाहिजेत.

याहून पक्की तपासणी लेयरवर होते. मूळ फोटो खाली आणि तयार चित्र वर ठेवा, वस्तू वस्तूवर नीट बसवा आणि वरच्या लेयरचा मोड `Difference` करा. फोटोशॉपमध्येही आहे, फुकटच्या गिम्पमध्येही आहे. जिथे दोन्ही सारखे तिथे काळं दिसतं, जिथे बदल तिथे उजळतं. कॉम्प्रेशनमुळे सगळीकडे बारीक ठिपके येतात, ते सोडून द्या. आकार दिसला की थांबा. माझ्या पंपावर तिसरा पट्टा, दांडा आणि टाकीवरच्या स्टिकरची अक्षरं लख्ख उजळली. अक्षरांची मोडतोड मला त्याआधी दिसलीच नव्हती. एक मर्यादा मात्र आहे. टूलने वस्तूवरचा उजेड बदलला असेल तर सगळा पंपच राखाडी दिसतो, मग पुन्हा यादी आणि बोट.

सावल्यांकडे येतो. मेसेजमधलं सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हेच आहे, कारण चुकीची सावली आपल्या डोळ्यांना खटकत नाही. ऑस्ट्रोव्स्की, कॅव्हनॉ आणि सिन्हा या संशोधकांनी २००५ मध्ये हेच दाखवलं होतं: गुंतागुंतीच्या दृश्यात एखाद्या वस्तूवरचा उजेड भलत्याच दिशेचा असला तरी माणसाला तो पटकन सापडत नाही. म्हणून “खरी वाटते” याला काही किंमत नाही. रेघ ओढून बघावं लागतं.

माझ्या चित्रात उजवीकडे वर, क्षितिजाच्या जरा वर मावळता सूर्य होता. कपाशीच्या सावल्या त्याला धरून आपल्याकडे आणि डावीकडे आल्या होत्या. पंपाची सावली मात्र उजवीकडे पडली होती, कारण पंपावरचा उजेड दुकानाच्या दाराचा, डावीकडचा होता. शेत वेगळं बघितलं तर बरोबर, पंप वेगळा बघितला तर बरोबर. दोन्ही एका उन्हात मात्र असूच शकत नाहीत.

रेघ ओढायची ती अशी. वस्तूवर एक असा बिंदू निवडा ज्याची सावली नेमकी कुठे पडली ते सांगता येतं, उदाहरणार्थ झाकणाचं टोक, नोझलचं टोक, खोक्याचा कोपरा. सावलीतल्या त्या बिंदूपासून वस्तूवरच्या बिंदूतून सरळ रेघ काढा आणि पुढे वाढवा. असं तीन-चार ठिकाणी करा. उन्हातल्या खऱ्या फोटोत या सगळ्या रेघा एकाच जागी मिळतात आणि ती जागा म्हणजे चित्रातला सूर्य. सूर्य चौकटीच्या बाहेर असेल तर कॅनव्हास मोठा करून रेघा बाहेर न्या. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असेल तर रेघा वर न मिळता उलट्या बाजूने, खाली जमिनीकडे मिळतात. जमीन उंचसखल असली, सावली ढेकळांवर वाकडीतिकडी पडली असली, तरी ही परीक्षा चालते, कारण सूर्यापासून बिंदूतून सावलीपर्यंत येणारा किरण सरळच असतो. फोटोतला खोटेपणा शोधणारे हॅनी फरीद आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये सावल्यांवरून बनावट फोटो पकडण्याची जी पद्धत मांडली, तिचा पाया हाच आहे.

इथे दोन चुका नेहमी होतात. काही जण जमिनीवरच्या सावल्या एकमेकींना समांतर आहेत का ते बघतात आणि नसल्या की चित्र फेकून देतात. खऱ्या फोटोतही त्या समांतर दिसत नाहीत, रेल्वेचे रूळ दिसत नाहीत तसंच. दुसरं म्हणजे ढगाळ उजेडातल्या चित्रावर ही परीक्षा लावणं. तिथे सावलीला कडाच नसते, मग बिंदू कुठला धरणार? अशा वेळी फक्त तळ बघा. वस्तू जिथे जमिनीला टेकते तिथे बारीक, गडद रेघ हवी. ती नसेल तर वस्तू तरंगते.

कडेच्या मऊपणावरूनही कळतं. सूर्याची चकती आकाशात साधारण अर्धा अंश रुंद आहे, म्हणून सावली जितक्या अंतरावरून पडते त्याच्या शंभराव्या भागाइतकी तिची कड पुसट होते. १ मीटर लांबून पडलेल्या सावलीची कड सुमारे १ सेंटीमीटर पुसट, बस. माझ्या चित्रात ऊन कडक होतं आणि पंपाखालची सावली मात्र कापसाच्या बोळ्यासारखी मऊ. एवढ्यावरूनही ती बाद झाली असती.

मेसेजमध्ये पर्स्पेक्टिव्हचं नावच नाही, आणि माझं चित्र सगळ्यात वाईट तिथेच अडलं. पंपाचं झाकण वरून दिसत होतं, छान लंबगोल. मागच्या शेताचं क्षितिज मात्र टाकीच्या मधोमध जात होतं. सपाट जमिनीवर उभ्या वस्तूला क्षितिज जिथे कापतं, तेवढ्याच उंचीवर कॅमेरा असतो. पंप दीड फुटाचा, म्हणजे कॅमेरा जमिनीपासून पाऊण फुटावर. तिथून दीड फुटावरच्या झाकणाची वरची बाजू दिसणारच नाही. वरची बाजू दिसते म्हणजे झाकण क्षितिजाच्या खाली हवं. ही परीक्षा दहा सेकंदांची आहे, डबा, बरणी, पातेलं, कशालाही लागते.

फक्त डोंगराची रेघ म्हणजे क्षितिज समजू नका. मागे सातपुडा दिसत असेल तर त्याचे माथे क्षितिजाच्या वर असतात. कपाशीच्या सरळ ओळींवर रेघा ओढा, त्या जिथे एकत्र येतात तिथून आडवी रेघ काढा, ते क्षितिज. शेजारच्या खोक्याच्या मागे जाणाऱ्या आडव्या कडाही वाढवल्या की त्याच रेघेवर मिळायला हव्यात. माझ्या खोक्याच्या वरच्या कडा एकीकडे मिळत होत्या, खालच्या दुसरीकडे.

ओळखणाऱ्या साइटबद्दल थोडक्यात. ती सांगते की चित्र यंत्राने केलं असावं की नाही. पट्टे किती हवेत हे ती सांगत नाही. सगळं अचूक असलेलं एआय चित्र तिथे नापास होऊ शकेल आणि तीन पट्ट्यांचं चित्र व्हॉट्सअपवरून दोनदा फिरून आलं की पासही होऊ शकेल. आपला प्रश्नच वेगळा आहे.

उरलं मोबाईलवाल्यांचं. दुकानाचे मालक, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, त्यांनी ते चित्र मोबाईलवरच बघितलं होतं. मी तपासायच्या आत उत्साहाने पाठवून बसलो होतो. दोन मिनिटांत फोन आला: “भाऊ, हाऊ पंप आपला नही शे.” ज्याने हंगामभर पंप पाठीवर घेतलाय, त्याला पट्टा मोजावा लागत नाही. आणि दांडा बघून कोणी टू-इन-वन समजून पैसे दिले असते, तर भांडण आप्पांच्या काउंटरवर झालं असतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पंप दुकानाच्या ओट्यावर उन्हात ठेवला. ऊन उजवीकडून, पंपाच्या जरा मागून, कॅमेरा ओट्यापासून ३ फूट उंचीवर, दोन्ही कागदावर लिहिलं. टूलकडून नुसतं शेत करून घेतलं: ऊन त्याच बाजूचं, क्षितिज वर. पंप मूळ फोटोतून कापून त्यावर बसवला, टेकतो तिथली गडद रेघ आणि सावली हाताने काढली. क्षितिज झाकणाच्या बरंच वर आलं. झाकण, नोझल आणि खोक्याचा कोपरा, तिन्ही रेघा चौकटीबाहेर उजवीकडे एका ठिकाणी मिळाल्या, आणि कपाशीच्या दोन बोंडांच्या रेघाही तिथेच गेल्या. मग आप्पांना पाठवलं.