‘सर’ नेमके कोणत्या चौकटीत बसतात?

गल्लीतल्या शिकवणी क्लासवर मी दोन स्लाइड केल्या होत्या : एक पोर्टर यांच्या पाच बळांची, दुसरी स्वॉटची, म्हणजे बलस्थानं, कमकुवत बाजू, संधी आणि धोके यांच्या यादीची. त्यांवर आलेली वाचकाची प्रतिक्रिया : “दोन्ही स्लाइड पाहिल्या. पाच बळांच्या स्लाइडवर ‘स्पर्धा तीव्र’, आणि स्वॉटच्या स्लाइडवर धोक्यांमध्ये पुन्हा ‘स्पर्धा तीव्र’. एकच गोष्ट दोनदा लिहून काय मिळालं? पोर्टरचं हे सगळं मोठ्या उद्योगांसाठी आहे. गल्लीतला क्लास चालतो तो सरांच्या शिकवण्यावर. ते सर तुमच्या कोणत्या चौकटीत बसतात?”

उत्तर :

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्ही आक्षेपांची उत्तरं त्यातूनच निघतात.

सर कोणत्या चौकटीत बसतात, हे क्लास कुणाचा आहे यावर ठरतं. क्लास सरांचा स्वतःचा असेल, तर त्यांचं शिकवणं हे त्या क्लासचं बलस्थान. क्लास दुसऱ्या कुणाचा आणि सर पगारी असतील, तर तेच सर पाच बळांमधले पुरवठादार होतात, आणि ते जितके चांगले शिकवतात तितकी मालकाची बाजू लंगडी पडते. शिकवणं तेच, पण त्यापोटी आलेली फी शेवटी कुणाकडे राहते ते बदलतं. मायकेल पोर्टर यांनी १९७९ साली मांडलेल्या पाच बळांचा मूळ प्रश्न हाच आहे : या धंद्यात येणाऱ्या पैशातला किती धंदा करणाऱ्याकडे उरतो, आणि किती ग्राहक, पुरवठादार, प्रतिस्पर्धी, नवे येणारे आणि पर्याय ओढून नेतात? हा प्रश्न पोलाद कारखान्याला विचारता येतो, तसाच दोन खोल्यांच्या क्लासलाही.

आकडे घेऊन बघू. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. डोंबिवली पूर्वेला एका बाईंचा क्लास आहे असं समजा. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी, नववी-दहावी. प्रवेश, पालक, हिशेब हे सगळं बाई बघतात. गणित-विज्ञानाला एक पगारी सर आहेत. दहावीची ५० मुलं, फी २४ हजार. नववीची ४० मुलं, फी १६ हजार. वर्षाला जमा १८ लाख ४० हजार. जागेचं भाडं ३ लाख ६० हजार, सरांचा पगार महिना ४५ हजार म्हणजे ५ लाख ४० हजार, भाषा आणि इतिहास-भूगोलाच्या शिक्षकांचे ३ लाख, वीज, झेरॉक्स, जाहिरात मिळून १ लाख ४० हजार. बाईंच्या हाती उरले ५ लाख.

आता सर म्हणाले, मला ६० हजार द्या. दिले तर बाईंकडे ३ लाख २० हजार उरतात. नाही दिले आणि पुढच्या वर्षी सरांमागे दहावीची वीस मुलं गेली, तर ४ लाख ८० हजारांची फी बुडते. जवळजवळ वर्षाची सगळी कमाई. भाडं आणि बाकीचे पगार तर चुकत नाहीत. म्हणून बाई देणार, हे सरांनाही माहीत असतं.

पण सरांची ताकद अमर्याद नाही, आणि तीही मोजता येते. त्यांनी फक्त गणित-विज्ञानाची बॅच काढली आणि १५ हजार फी लावली, तर महिना १२ हजार भाड्याची खोली घेऊन आजचा पगार सुटायला त्यांना ४६ मुलं लागतील. पहिल्याच वर्षी ती जमवणं अवघड आहे. मात्र घरातला हॉल वापरता आला तर ३६ पुरतात. म्हणजे या गल्लीत नव्या क्लासला अडवणारी भिंत बहुतांशी जागेच्या भाड्याची आहे. फळा आणि बाकड्यांचा खर्च त्यामानाने किरकोळ. आणि उद्या समोर उभा राहणारा स्पर्धक बाहेरून येत नाही, तो आज आपल्याच वर्गात खडू घेऊन उभा असतो. ‘स्पर्धा तीव्र’ या दोन शब्दांत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून ते शब्द दुसऱ्या स्लाइडवर नेऊन चिकटवू नयेत हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. वर्गात मी हेच तोंडी सांगतो.

पाच बळं मोजण्याआधी धंद्याची सीमा आखावी लागते. इथे धंदा म्हणजे शाळा सुटल्यावर मूल चालत किंवा सायकलने पोहोचेल एवढ्या अंतरातले, त्याच मंडळाचे क्लास. नीट आणि जेईईचे मोठे क्लास या सीमेत येत नाहीत. त्यांचा ग्राहक, फी आणि शिक्षक सगळंच वेगळं. मोबाइलवरचे फुकटचे व्हिडिओ हा पर्याय आहे खरा, पण पालक धड्याइतकीच फी मुलाला रोज ठरल्या वेळी बसवण्याची आणि पेपर तपासून मिळण्याची देतात. तेवढा भाग व्हिडिओ घेऊ शकत नाहीत.

पालकांची ताकद वर्षभर सारखी नसते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एप्रिल-मे महिन्यांत ती सर्वांत जास्त : चार क्लास फिरून बघितलेले असतात, पाच मैत्रिणी एकत्र येतात आणि सवलत मागतात. दिवाळीनंतर ती ओसरते, कारण अर्ध्याहून अधिक फी भरलेली असते आणि दुसऱ्या क्लासमध्ये धड्यांचा क्रम वेगळा असतो. ‘ग्राहकांची ताकद : जास्त’ असं लिहून थांबलं, की बाईंनी कोणता निर्णय कोणत्या महिन्यात घ्यायचा हे हातातून निसटतं.

एवढं झाल्यावर स्वॉटकडे वळायचं. तिथे माझी कसोटी एकच आहे : बलस्थान म्हणून जे लिहाल, ते पाचांपैकी कोणत्या बळाचा जोर कमी करतं ते सांगा. सांगता आलं नाही तर खोडा. ‘अनुभवी शिक्षक’ बाईंच्या यादीतून खोडावं लागतं, कारण अनुभव सरांबरोबर निघून जातो. ‘गेल्या काही वर्षांच्या सराव प्रश्नपत्रिका आणि नोट्स क्लासच्या ताब्यात’ हे राहतं. नव्या सरांना त्या पहिल्या दिवसापासून वापरता येतात. ‘प्रशस्त वर्ग’ आजूबाजूच्या सगळ्याच क्लासचे तसे असतील तर राहत नाही. कमकुवत बाजूही अशीच नेमकी लिहायची : ‘गणित आणि विज्ञान हे दोन्ही विषय एकाच माणसावर’. धोक्यात मग ‘स्पर्धा’ लिहायची गरजच उरत नाही. ‘सर मे महिन्यात गेले तर नववीतून दहावीत येणारी बॅच फुटते’ असं लिहिता येतं. दोन स्लाइड एकमेकींची नक्कल करतात ते मधला हा धागा तुटल्यामुळे.

या पद्धतीला मर्यादा आहेतच. सर चांगलं शिकवतात की नाही हे ती सांगू शकत नाही, आणि वीसच मुलं जातील की पस्तीस, हा अंदाज पालकांशी बोलूनच घ्यावा लागतो.

पण बाईंनी काय करावं, याची दिशा मात्र ती देते. दहावीला गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे चाळीस-चाळीस गुणांचे दोन स्वतंत्र पेपर असतात, विज्ञानाचेही भाग एक आणि दोन. म्हणजे विषय दोन सरांमध्ये वाटता येतो. दोघांना मिळून महिना ५५ हजार दिले तरी बाईंकडे ३ लाख ८० हजार उरतात, आणि एक जण गेला तर निम्मा अभ्यासक्रम जागेवर राहतो. हा बदल थेट दहावीत केला तर सध्याचे सर लगेच बिथरतील, पालकही. म्हणून दुसरे सर आधी नववीच्या भूमितीला आणावेत. तीच मुलं दहावीत जातील तेव्हा दोन्ही सर त्यांच्या ओळखीचे असतील. एक वर्ष खर्च थोडा वाढेल, कारण पहिल्या सरांचा पगार त्या काळात कमी करता येणार नाही. तो वाढीव खर्च बाईंनी ६० हजारांच्या मागणीशी ताडून बघावा.