सहा महिने टिकणारं दूध आणि फॅमिली ग्रुपवरचं ज्ञान

"खोक्यातलं दूध केमिकलमुळे ६ महिने टिकतं, टोन्ड म्हणजे पाणी आणि पावडर, पाश्चराइज्डमध्ये सत्त्वच उरत नाही. मुलांना गोठ्यातलं ताजं दूध न उकळता द्या."

हे वाचून मावशीने नातवाचं पिशवीचं दूध बंद केलं, म्हणून लिहितोय.

शेवटचं वाक्य आधी. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि जनावरांचा टीबी माणसाला होऊ शकतो, जनावर वरून धडधाकट दिसलं तरी. गोठा ओळखीचा असला म्हणून जंतू ओळख दाखवत नाहीत. उकळा, विषय संपला.

आता केमिकल. पिशवीचं दूध पाश्चराइज्ड करतात, म्हणजे साधारण ७२ डिग्रीला १५ सेकंद तापवतात, त्यात रोगजंतू मरतात पण दूध नासवणारे काही उरतात, म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवून दोनेक दिवसांत संपवायचं. खोक्यातलं दूध यूएचटी, म्हणजे अतिउच्च तापमानाचं असतं, ते १३५ डिग्रीच्या वर काही सेकंद नेतात, लगेच गार करतात आणि निर्जंतुक केलेल्या खोक्यात हवा लागू न देता भरतात, खोक्याला आतून अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो म्हणजे उजेडही नाही. नासवणारं कोणी आत राहिलंच नाही तर दूध नासेल कशाने? दुधात प्रिझर्व्हेटिव्हला तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमात परवानगीच नाही. आणि खोकं फोडलं की तेही फ्रीजमध्ये दोन-तीन दिवसच टिकतं, केमिकल असतं तर बाहेरच राहिलं नसतं का? एक मात्र बघा, हे दूध बिघडलं तरी नेहमीसारखं आंबेलच असं नाही, कधी नुसतं कडवट होतं, त्यामुळे उकळून फाटतंय का बघण्यावर विसंबू नका. खोकं फुगलं असेल तर सरळ फेका.

सत्त्वाचं थोडं खरं आहे, बी गटातली काही जीवनसत्त्वं कमी होतात, पण घरी उकळूनही होतातच, प्रोटीन आणि कॅल्शियम जवळपास तेवढंच राहतं. चवीचंही मान्य, यूएचटीला उकळल्यासारखा वास येतो, मला चहात चालतं, नुसतं पिववत नाही.

राहिलं टोन्ड. हा प्रकार मुळात तापवण्याचा नाहीच, फॅटचा आहे! पिशवीतलं टोन्ड पाश्चराइज्डच असतं, आणि खोक्यातलं यूएचटीही टोन्ड असू शकतं. पाणी-पावडर अर्धसत्य आहे. ६ टक्के फॅटचं १०० लिटर म्हशीचं दूध घ्या, त्यात साधारण तेवढंच पाणी आणि ९-१० किलो स्किम पावडर, म्हणजे फॅट काढलेल्या दुधाची पावडर, झालं ३ टक्क्यांचं दूध. नुसतं पाणी घातलं असतं तर फॅटबरोबर प्रोटीन, साखर, क्षार सगळंच अर्धं झालं असतं, पावडर ते भरून काढते, कारण टोन्डमध्ये फॅट सोडून बाकी घनपदार्थ किमान ८.५ टक्के लागतात. हे १९४० च्या दशकात मुंबईत सुरू झालं, म्हशीचं महाग दूध जास्त लोकांना परवडावं म्हणून, त्यात लपवाछपवी काही नव्हती. फॅटचा आकडा आजही पिशवीवर छापलेला असतो. साय हवी असेल तर ६ टक्क्यांचं फुल क्रीम घ्या, फक्त होमोजिनाइज्ड लिहिलेलं नको, त्यात फॅट बारीक फोडलेलं असतं आणि जाड साय धरत नाही.