०२/२८ म्हणजे २८ फेब्रुवारी नव्हे

प्रतिक्रिया: «तुमचा लेख दिशाभूल करतो. माझ्या कार्डावर ०२/२८ आहे, म्हणजे ते २८ फेब्रुवारीला संपणार हे उघड आहे. शिवाय माझं आधीचं कार्ड एका वेबसाइटने महिन्याच्या एक तारखेलाच नाकारलं होतं. लोकांना महिनाअखेरपर्यंत कार्ड वापरायला कशाला सांगता?»

उत्तर:

तुमच्याच कार्डाने सुरुवात करू, कारण इतकं फसवं उदाहरण मलाही सुचलं नसतं. त्यातला २८ हा दिवस नाही, वर्ष आहे. कार्डावर दिवस छापतच नाहीत. आधी महिना, मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे. छापलेला महिना पूर्ण धरायचा असतो. २०२८ लीप वर्ष आहे, त्यामुळे तुमचं कार्ड २९ फेब्रुवारी २०२८ ला दिवसभर चालायला हवं आणि १ मार्चपासून बंद.

हे नुसतं संकेतावर चालत नाही. कार्डाच्या चिपमध्ये मुदत वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने साठवलेली असते आणि दिवस सहसा महिन्याचा शेवटचाच टाकतात. तुमच्या चिपमध्ये बहुधा २८०२२९ असेल. दुकानातलं मशीन आपल्या घड्याळातली तारीख त्याच्याशी ताडून पाहतं. आजची तारीख पुढची असेल तरच मुदत संपल्याची खूण करतं. मागच्या काळ्या पट्टीवर मात्र फक्त २८०२ असतं, तिथे दिवस नाहीच.

आता एक तारखेचा प्रकार. त्याची दोन कारणं संभवतात. वेबसाइटच्या प्रोग्रॅममध्ये महिना-वर्षाची तारीख बनवताना दिवस म्हणून १ धरला गेला, तर दोन तारखेपासून (कधी एक तारखेलाच) कार्ड शिळं ठरतं. ही चूक फार जुनी आणि अजूनही जिवंत आहे. दुसरं कारण म्हणजे नवं कार्ड सुरू केल्याबरोबर अनेक बँका जुनं बंद करतात, छापलेली मुदत कितीही उरलेली असो. यातलं कोणतं, हे ओळखता येतं: फॉर्म भरतानाच, बँकेकडे काही जाण्याआधीच लाल अक्षरं आली, तर दोष वेबसाइटचा. बँकेची पडताळणी सुरू झाल्यावर नकार आला आणि दुसरीकडेही तेच कार्ड चालेना, तर जुनं कार्ड बँकेनेच मिटवलेलं असणार.

शेवटच्या दिवसाबद्दल तुमची सावधगिरी एका बाबतीत मला पटते. काही विक्रेते ऑर्डरच्या वेळी रक्कम नुसती राखून ठेवतात आणि माल पाठवताना वसूल करतात. २९ फेब्रुवारीला ऑर्डर दिली, माल चार मार्चला निघाला आणि मधे त्यांना बँकेची मंजुरी नव्याने मागावी लागली, तर ती जुन्या मुदतीवर अडकू शकते. अशी खरेदी आणि दरमहा आपोआप कापली जाणारी वर्गणी नव्या कार्डावर आधीच वळवा. समोरासमोर, मशीनवर पैसे द्यायचे असतील तर २९ तारखेला बिनधास्त द्या. फक्त परदेशात असाल तर मध्यरात्रीच्या आसपास नको, कारण मशीनचं घड्याळ तिथलं असतं आणि बँकेचं इथलं.