मातामृत्यू: भागायचं कशाने आणि मोजायचं कोणी? (एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर)

राज्यांच्या मातामृत्यूच्या आकड्यांवर मी लिहिलेल्या लेखाला डोंबिवलीहून आलेली प्रतिक्रिया: "ताई, तुमचे आकडे पटले नाहीत. एका लाख जन्मांमागे मृत्यू मोजण्यापेक्षा सगळ्या बायकांच्या संख्येने भागा ना, जिथे मुलंच कमी होतात तिथे मृत्यू कमी होणारच. आणि आता बाळंतपणं हॉस्पिटलमधेच होतात, प्रत्येकाची नोंद असते, मग मोजायला अवघड काय आहे? आमच्या इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलचा आकडा राज्याच्या 33 च्या कितीतरी पट निघेल, ते लिहा."

दादा, कमेंटमधे चार ओळीत हे बसणार नाही म्हणून वेगळी पोस्ट करते.

तुम्ही म्हणता तसं भागतातही, तो मातामृत्यू दर. वर्षभरातले मातामृत्यू भागिले 15 ते 49 वयाच्या सगळ्या बायका, गुणिले एक लाख. मी लेखात दिलं होतं ते मातामृत्यू गुणोत्तर, त्यात खाली बायका नसतात, त्या काळात जिवंत जन्मलेली बाळं असतात. ऑफिसात दोन्हीला सर्रास एमएमआर म्हणतात, त्यामुळे बातम्यांमधे हा घोळ कायम असतो.

आता तुमची पद्धत वापरून बघू. मनाने दोन शहरं घ्या, आकडे मी सोपे धरलेत, दोन्हीकडे 15 ते 49 च्या दहा दहा लाख बायका. पहिल्या शहरात वर्षाला 80,000 बाळं जन्मली आणि 80 आया गेल्या. दुसऱ्यात 40,000 बाळं आणि 60 आया. दर काढला तर पहिल्याचा 8 आणि दुसऱ्याचा 6, म्हणजे दुसरं शहर बरं. पण गुणोत्तर काढा, पहिल्याचं 100 येतं आणि दुसऱ्याचं 150. म्हणजे दुसऱ्या शहरात दिवस गेलेल्या बाईला धोका दीडपट आहे, फक्त तिथे बायकांना दिवसच कमी वेळा जातात म्हणून दर छान दिसतो. मला लेखात विचारायचं होतं की लेबर रूममधे आलेली बाई सुखरूप घरी जाते का, त्याला गुणोत्तरच लागतं. कमी मुलं म्हणजे कमी मृत्यू हे तुमचं म्हणणं दराला लागू पडतं, गुणोत्तराला नाही, कारण तिथे मुलं कमी झाली की खालचा आकडाही तेवढाच कमी होतो.

दर टाकाऊ आहे असं मात्र नाही. एका बाईला तिच्या अख्ख्या आयुष्यात या कारणाने मरायचा धोका किती, हे दरावरूनच निघतं, कारण त्यात दोन्ही गोष्टी येतात, एका बाळंतपणाचा धोका आणि बाळंतपणं किती वेळा. देशाच्या नमुना नोंदणी पाहणीत, म्हणजे एसआरएसमधे, 2018-20 चं गुणोत्तर 97 आहे आणि दर 6. तो 6 दरवर्षी लाखामागे, आणि 15 ते 49 ही 35 वर्षं, म्हणजे ढोबळ 210 लाखामागे, 0.2 टक्के. महाराष्ट्राचे 33 आणि केरळचे 19 हे त्याच पाहणीतले, आणि ती गुणोत्तरं आहेत.

गुणोत्तरातही एक खोट आहे बरं का. खाली फक्त जिवंत जन्म धरतात. गर्भपातानंतर इन्फेक्शन होऊन बाई गेली तर ती वर मोजली जाते पण तिची गरोदरपणाची नोंद खाली कुठेच नाही, मृत जन्माचंही तसंच, आणि जुळी झाली तर एकाच बाईचे खाली दोन. खरं म्हणजे सगळी गरोदरपणं खाली हवीत, पण ती कोणाकडे पूर्ण मोजलेली नसतात आणि जन्म असतात, म्हणून हे चालवून घेतात.

आता नोंदीचं. बाई मेली याची नोंद होते हो, इथे शहरात तर अंत्यसंस्कारालाच कागद लागतो. अडतं ते हा मातामृत्यू आहे हे ओळखण्यात. व्याख्या अशी आहे की गरोदर असताना किंवा गरोदरपण संपल्यापासून 42 दिवसांच्या आत, गरोदरपणामुळे किंवा त्याने बळावलेल्या आजारामुळे झालेला मृत्यू, मग गर्भ कितीही आठवड्यांचा असो. अपघात वगैरे संबंध नसलेली कारणं वगळायची.

समजा घणसोलीतली एक बाई, लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेली पण कोणाला माहीत नाही. छोट्या नर्सिंग होममधे नीट डिलिव्हरी झाली, चौथ्या दिवशी डिस्चार्ज. एकोणिसाव्या दिवशी रात्री दम लागला, घरच्यांनी दुसऱ्याच हॉस्पिटलच्या आयसीयूत नेलं, तिथे ती मेडिसिनच्या डॉक्टरांची पेशंट, सकाळी गेली. कारणात लिहिलं हार्ट फेल्युअर. ते चूक नाही, पण मृत्यूच्या कारणाच्या त्या फॉर्म 4 मधे खाली एक प्रश्न असतो, मृत्यूचा गरोदरपणाशी संबंध होता का आणि बाळंतपण झालं होतं का. तो कोरा राहिला की ही बाई हृदयरोगात गेली, मातामृत्यूत आलीच नाही. नर्सिंग होमच्या रजिस्टरला तर ती सुखरूप घरी गेलेली आहे. सहाव्या-सातव्या आठवड्यात नळीतला गर्भ फुटून गेलेल्या बाईचं याहून अवघड, कित्येकदा घरी दिवस गेल्याचंही माहीत नसतं.

म्हणून सरकारी पद्धतीत नुसते मातामृत्यू कळवा असं म्हणत नाहीत, 15 ते 49 ची कुठलीही बाई गेली की आशाने कळवायचं आणि मग कोणीतरी घरी जाऊन विचारायचं की दिवस होते का, बाळंतपण कधी झालं. मुरबाडच्या पाड्यावर आशाला हे कळतं, घोडबंदरच्या टॉवरमधे वॉचमन तिला वर सोडत नाही.

तुमच्या मोठ्या हॉस्पिटलचं. तिथे शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा इथून रात्री झटके आलेल्या, रक्तस्राव थांबत नसलेल्या बायका येतात, बऱ्याचदा बाळ खालच्या दवाखान्यात किंवा घरीच झालेलं असतं. जन्म जिथे झाला तिथे नोंदवला जातो आणि बाई इथे मरते. म्हणजे भागाकारात वरचा आकडा इथे वाढला आणि खालचा तिकडे राहिला. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी, ठाण्याची बाई साताऱ्याला जाते, तो जन्म साताऱ्याचा. म्हणून एका हॉस्पिटलचं गुणोत्तर काढून राज्याच्या 33 शेजारी ठेवू नये, मृत्यू बाईच्या राहत्या पत्त्यावर मोजायचा आणि जन्मही आईच्या पत्त्यावर, मगच तुलना. तिथे उपचारात कसूर नसतेच असं मी म्हणत नाही, पण ती एकेक केस उघडून दिसते, बाई किती वाजता आली, रक्त किती वेळाने मिळालं, रेफर किती ठिकाणांहून झाली, हे बघून.

आणि सगळी नोंद चोख झाली तरी एका शहराचा वर्षाचा आकडा डळमळीतच. 33 च्या हिशोबाने 30,000 जन्मांमागे साधारण 10 मृत्यू. दहा मोजले गेले तर नुसत्या योगायोगाचा विचार करून खरी पातळी 5 ते 18 मधे कुठेही असू शकते, म्हणजे गुणोत्तर साधारण 16 ते 61. सात मृत्यूंनंतर पुढच्या वर्षी अकरा झाले म्हणून परिस्थिती बिघडली असं म्हणता येत नाही, आणि उलट झालं तर सुधारली असंही नाही. एसआरएस याचसाठी तीन तीन वर्षं एकत्र करतं आणि आकड्यासोबत वरची-खालची मर्यादा छापतं. ते 33 पण सॅम्पलवरचं आहे, लेखात ती मर्यादा दिली नव्हती, उद्या तक्त्यात वेगळा कॉलम टाकते. तुमच्याकडे त्या हॉस्पिटलचे आकडे असतील तर पाठवा, पण सोबत त्यातल्या किती बायका बाहेरून रेफर होऊन आल्या होत्या आणि किती जणींचं बाळ तिथेच झालं, हे दोन्ही असेल तरच मला त्याचं काही करता येईल.