सोन्याचा भाव: जुळणारा आकडा आणि चुकीचा औंस

दावा: «१ औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. औंसाच्या भावाला डॉलरच्या दराने गुणा, २८.३५ ने भागा आणि १० ने गुणा, की २४ कॅरेटचा भाव मिळतो. ३१.१ ने भागले तर २२ कॅरेटचा मिळतो. बाजारभावाशी ताडून पाहा, दोन्ही जुळतात.»

पहिला मुद्दा औंसाचा. २८.३५ ग्रॅमचा औंस सर्वसाधारण मालाच्या वजनासाठी वापरतात. सोन्याचांदीचा आंतरराष्ट्रीय भाव मात्र ट्रॉय औंसाला, म्हणजे ३१.१०३५ ग्रॅमला सांगितला जातो, मग कॅरेट कोणताही असो.

आकडे जुळतात हे खरे आहे आणि त्यामुळेच हा दावा लोकांना पटतो. औंसाला २,४०० डॉलर आणि डॉलरला ८३.७० रुपये धरले, तर एक ट्रॉय औंस २,००,८८० रुपयांना पडतो आणि त्यातील १० ग्रॅमची किंमत ६४,५८४ रुपये होते. हा शुद्ध सोन्याचा करपूर्व भाव झाला. त्यावर ६ टक्के आयात शुल्क आणि मग ३ टक्के जीएसटी धरला, की ७०,५१३ रुपये होतात. २८.३५ ने भागल्यास ७०,८५७ रुपये येतात, कारण चुकीच्या औंसाने भाव ९.७ टक्क्यांनी फुगतो, तर दोन्ही कर मिळून तो ९.१८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे या सूत्रात कर कुठेच मोजलेला नाही. वजनातील चुकीने तो योगायोगाने भरून निघाला आहे.

हा योगायोग किती तकलादू आहे, हे शुल्क बदलताच दिसते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. त्याआधीच्या दराने याच सोन्याचा भाव ७६,५०० रुपये झाला असता, आणि २८.३५ चे सूत्र मात्र ७०,८५७ वरच थांबले असते.

२२ कॅरेटचेही तसेच आहे. त्याची शुद्धता ०.९१६ असते, आणि ७०,५१३ ला तिने गुणले की ६४,५९० येतात. करपूर्व २४ कॅरेटच्या भावाशी हा आकडा जवळजवळ तंतोतंत जुळतो, परंतु तोही ६ आणि ३ टक्क्यांच्या मेळामुळेच. शुद्धता आणि कर या दोन स्वतंत्र पायऱ्या असून त्या वेगवेगळ्याच मोजायला हव्यात.

ताडून पाहतानाही पेढीवरील भावात जीएसटी धरला आहे की नाही, हे आधी विचारावे, नाहीतर ३ टक्क्यांचा फरक उगाच चूक वाटतो. डॉलरचा दर त्याच वेळचा घ्यावा, कारण वरच्या उदाहरणात डॉलर १० पैशांनी हलला तरी १० ग्रॅममागे करांसह सुमारे ८४ रुपयांचा फरक पडतो. एवढे सांभाळूनही थोडी तफावत राहतेच. सीमाशुल्क सरकारने अधिसूचित केलेल्या मूल्यावर आकारले जाते, आणि मागणी मंदावली की स्थानिक व्यापारी आयात खर्चापेक्षा कमी भावाने, तर मागणी वाढली की चढ्या भावाने विकतात.