गेटवरचा कॉम्प्युटर किती वेळ झोपू शकतो?

कळमन्याकडच्या एका गोदामाचं गेटपासचं काम माझ्याकडे आहे. बिल इतवारीतल्या ऑफिसात बनतं, गेटवरचा कॉम्प्युटर सर्व्हरला "नवीन गेटपास आहे का?" विचारत राहतो, आणि असला की छापतो. आधी तो दर 2 सेकंदांनी विचारायचा. रात्रीच्या 8 तासांत गेटवर कुत्रंही फिरकत नाही, तरी 14,400 वेळा विचारणा. लॉगमध्ये काही शोधायला गेलं की नुसतं रिकामं, रिकामं, रिकामं.

म्हणून बदल केला. काम मिळालं की पुढची विचारणा 1 सेकंदाने. रिकामं आलं की थांबणं दुप्पट: 2, 4, 8... कमाल 300 सेकंदांपर्यंत. रात्रीच्या विचारणा शंभराच्या आसपास आल्या. मी खूश.

मृग बहाराचा संत्रा सुरू झाला आणि पहाटे साडेपाचला फोन. "भाऊ, काहून गेटपास येऊन नाही राहिला?" मागे ट्रक ड्रायव्हर शिव्या देतोय तेही ऐकू येत होतं. बिगाड काहीच नव्हता. रात्रभर शांत राहून कॉम्प्युटर 300 सेकंदांच्या डुलकीत गेला होता, आणि पहिला गेटपास नेमका डुलकी लागल्या लागल्या आला. पहिल्यानंतरचे सगळे भराभर निघाले, म्हणून दिवसा हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

माझं मत तेव्हापासून पक्कं आहे: कमाल मर्यादा बचत बघून ठरवायची नाही, गेटवर उभा माणूस किती वेळ गप्प उभा राहील ते बघून ठरवायची. मर्यादा 30 सेकंद केली तर रात्रीच्या विचारणा साधारण 960 होतात. 14,400 वरून 960 ही खरी कमाई. तिथून शंभरावर जायला पहिल्या ट्रकला पाच मिनिटं ताटकळत ठेवायचं? हट!

```
if jobs: wait = 1
else:    wait = min(wait * 2, 30)
```

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. नेट गेलं की माझा कोड तेही "रिकामं"च समजायचा. लॉगमध्ये दोन्हींची ओळ सारखीच, त्यामुळे सापडायला आठवडा गेला. रिकामं म्हणजे काम नाही; नेट नाही म्हणजे काम असेलही, आपल्याला दिसत नाही एवढंच. आणि नेट परत येतं तेव्हाच तर गेटपास साचलेले असतात! आता नेट गेल्याची ओळ वेगळी लिहितो, तिच्यासाठी 5 सेकंदांचं वेगळं थांबणं आहे, आणि संपर्क जुळला की `wait` थेट 1.

एकावेळी 10 गेटपास उचलतो. पुरे 10 आले तर अकरावा असणारच असं धरून न थांबता लगेच पुन्हा विचारतो.

"सर्व्हरनेच का नाही कळवत?" असं कॉमेंटमध्ये विचारणारे येतीलच. बाबांनो, गेटवर सिमवरचा राऊटर आहे, उघडं ठेवलेलं कनेक्शन तिथे कधी गुपचूप मरतं कळत नाही. विचारणारा निदान पुन्हा विचारतो.

परवा पहाटेचा लॉग पाहिला. पहिला गेटपास 17 सेकंदांत निघालेला. फोन आला नाही.