51 वेळा बसलो म्हणजे 51 तिकिटं वाचली का रे पक्या

शुक्रवारी कट्ट्यावर पक्या आला तोच मोबाइल नाचवत. बसचा महिन्याचा पास मंगळवारी संपला होता आणि ॲपमधे सगळ्या फेऱ्यांची यादी दिसत होती. एकूण 51. पासची किंमत 36 तिकिटांएवढी, म्हणजे 15 फेऱ्या फुकट झाल्या आणि तुम्ही सगळे सुटे पैसे मोजणारे येडे, असा एकंदर सूर.

वैदूने फोन हातात घेतला. वैदू हिशेबातली, तिला यादी दिसली की राहवत नाही. एकेक फेरी बघत बसली आणि मधेमधे पक्याला विचारत राहिली, ही कुठली, ही कशाला. ऑफिसला तो सोम-मंगळ-बुध जातो, बाकी घरून काम, तर त्या 30 दिवसांत ऑफिसचे दिवस 14 निघाले, म्हणजे जाऊन येऊन 28 फेऱ्या. अजून 7 फेऱ्या अशा की पास नसता तरी तिकीट काढून गेलाच असता, दवाखाना, बँक वगैरे. झाल्या 35. उरलेल्या 16 मधल्या 7 आमच्या कट्ट्यापासून त्याच्या घरापर्यंत, दोन स्टॉप, जिथे हा आजवर चालत जायचा. आणि 9 नुसत्याच 'पास आहे तर जाऊन येऊ' वाल्या.

वैदू म्हणाली, "36 शी तुलना 51 ची करायचीच नाही, 35 ची करायची. पास नसता तर खिशातून जे गेले असते तेवढेच वाचले ना? त्या हिशेबाने तू एका तिकिटाने खाली आहेस."

पक्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण मंद्या त्याच्या बाजूने उभा राहिला, जे सहसा होत नाही. त्याचं म्हणणं असं की त्या 16 फेऱ्यांना शून्य किंमत कशी देता, पाय दुखत असताना दोन स्टॉप बसून गेला त्याचं काहीतरी मोल आहेच की. आणि हे बरोबर आहे, मला तर हाच मुद्दा सगळ्यात भारी वाटला. वैदूनेही मान्य केलं, पण मोल पूर्ण तिकिटाचं नाही म्हणाली, कारण तेवढं असतं तर आधीही तिकीट काढून गेलाच असता. मग किती? तर स्वतःला विचारायचं, तिकीट निम्म्यात मिळालं असतं तर बसलो असतो का, पाव किमतीत? पक्या जरा विचार करून म्हणाला पाव किमतीत बसलो असतो बहुतेक. म्हणजे 16 फेऱ्यांचे झाले 4 तिकिटांएवढे, 35 अधिक 4 म्हणजे 39. पक्या जिंकला, पण 15 ने नाही, 3 ने. (आणि दोन स्टॉपचं तिकीट लांबच्यापेक्षा स्वस्त असेल तर तेही कमी धरायला हवं, तिकडे आम्ही गेलोच नाही, नाहीतर रात्र झाली असती.)

एवढ्यावर थांबायचं ना, पण पक्या म्हणाला चला मग आत्ताच नवीन पास काढतो, आणि ॲप उघडून बोट बटणावर. वैदूने हात धरला. "आज शुक्रवार आहे."

"मग?"

हे मला माहीतच नव्हतं म्हणजे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पास 30 दिवसांचा, म्हणजे चार आठवडे आणि वर दोन दिवस. चार आठवड्यांत पक्याचे ऑफिसचे दिवस 12 होणारच, कधीही सुरू करा. प्रश्न फक्त त्या वरच्या दोन दिवसांचा. आज सुरू केला तर ते दोन दिवस येतात शुक्रवार-शनिवार, पक्या घरी, ऑफिसच्या फेऱ्या 24. सोमवारी सुरू केला तर येतात सोमवार-मंगळवार, दोन्ही ऑफिसचे, फेऱ्या 28. तेच पैसे आणि चार तिकिटांचा फरक, फक्त बटण कधी दाबलं यावर! पाच दिवस ऑफिसला जाणाऱ्याचंही तेच, सोमवारी सुरू केला तर कामाचे दिवस 22, शनिवारी केला तर 20.

मंद्याने लगेच खोट काढली की सोमवारी सुरू केलेला पास मंगळवारी संपणार, मग बुधवारी काय. बुधवारी दोन तिकिटं काढायची, गुरुवार ते रविवार घरीच, परत सोमवारी नवा पास. म्हणजे पाच आठवड्यांना एक पास आणि दोन तिकिटं, 38. मधे बँकेत वगैरे जावं लागलं तर अजून एखादं. संपला की लगेच नवा असं करत राहिलास तर त्याच 35 दिवसांना सरासरी 42 पडतात. अर्थात पास एक तारखेलाच सुरू होणारा असेल तर हे काहीच चालत नाही, तेव्हा आधी ते बघायचं.

मग मंद्याची जिम निघाली, निघणारच होती. त्याची फी एका दिवसाच्या तिकिटाच्या 8 पट. पहिल्या महिन्यात 11 वेळा गेला, दुसऱ्यात 6, तिसऱ्यात 3, चौथ्यात एकदाही नाही, आणि फी आपोआप कटत होती. 20 वेळा गेला आणि पैसे 32 वेळांचे भरले. पठ्ठ्या अजून पहिल्या महिन्याचंच सांगतो.

वैदू म्हणाली एकटा नाहीस तू. डेलाविन्या आणि मालमेंडिअर या दोन अर्थतज्ज्ञांनी 2006 साली अमेरिकेतल्या तीन जिमच्या सात हजारांवर मेंबरांचा तीन वर्षांचा हजेरीचा डेटा छापला. मासिक फी 70 डॉलरच्या वर, जाणं सरासरी महिन्याला 4.3 वेळा, म्हणजे एका वेळेला 17 डॉलरहून जास्त. आणि त्याच जिममधे 10 वेळांचा पास होता, वेळेला 10 डॉलर पडणारा. महिन्याला 7 पेक्षा जास्त वेळा गेलं तरच मासिक परवडत होतं. शिवाय शेवटचं जाणं आणि मेंबरशिप रद्द करणं यात सरासरी दोन महिन्यांवर काळ गेलेला.

"बसचं तसं होत नाही," मंद्या म्हणाला, "ऑफिसला जावंच लागतं." ते खरंय. पक्याच्या 28 फेऱ्या दुसरं कोणीतरी ठरवतं, मंद्याच्या 11 मंद्याच ठरवतो, आणि मंद्याचा अंदाज मंद्यानेच केलेला. म्हणून जिमला वैदूचा सल्ला एवढाच की दोन महिने सुटी तिकिटं काढ, महाग पडली तरी, आणि दुसऱ्या महिन्याचा आकडा धर, पहिल्याचा नाही.

पार्किंगचा विषय मी काढला होता पण तोवर सगळे उठले. बस आली समोर. पक्याने सवयीने फोन काढला, मग आठवलं पास नाहीये, सोमवारपर्यंत. दोन स्टॉपचं तिकीट काढू का म्हणून क्षणभर थांबला, आणि चालत गेला.